गोळी, चहा आणि पपनस: कुठे अंतर पुरतं, कुठे पुरत नाही

औषध आणि खाणंपिणं यांच्याबद्दल घरोघरी एकच नियम सांगितला जातो: "गोळी जेवणानंतर घ्यायची." काही गोळ्यांना तो लागू पडतो, काहींना अजिबात नाही. नव्याने औषधं सुरू झालेल्या माणसाला शेकडो नावांची यादी पाठ करून काही साधत नाही. त्यापेक्षा आपल्या प्रत्येक गोळीबाबत एकच प्रश्न विचारावा: ही गोळी आणि तो पदार्थ यांच्यात काही तासांचं अंतर ठेवलं तर प्रश्न सुटतो का?

दूध, चहा, कॅल्शियम यांच्याबाबत उत्तर बहुधा "हो" असतं. ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडचं पपनस यांच्याबाबत ते "नाही" असतं. दारूचा हिशेब कधी तासांचा, कधी दिवसांचा, तर कधी पूर्ण बंदीचा असतो. आणि पालेभाज्यांचा एक प्रकार असा आहे की तिथे अंतर ठेवायचंच नसतं, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. हे चारही प्रकार पुढे क्रमाने पाहू.

आधी यादी करा

एका कागदावर घरातल्या त्या माणसाची सगळी औषधं लिहा. पाकिटावरचं ठळक नाव कंपनीने दिलेलं असतं, त्याच्या जवळ बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. उपयोगाचं आहे ते हे दुसरं नाव. एकच औषध दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावाने लिहून दिलेलं असतं, तेही इथेच लक्षात येतं. नावापुढे मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम लिहा, वेळ लिहा आणि ती गोळी खरोखर कशाबरोबर घेतली जाते तेही लिहा. "सकाळी" एवढं पुरेसं नाही, "सकाळी ६ वाजता, चहाबरोबर" असं हवं.

जे आपण औषध मानत नाही तेही या यादीत आलं पाहिजे: कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, ॲसिडिटीचं पातळ औषध, इसबगोल, खोकल्याचं सिरप, काढे, आसवं-अरिष्टं. गडबड होते ती बहुतेक वेळा यांच्यामुळेच, कारण डॉक्टरांनी विचारल्यावर ही नावं कुणी सांगत नाही.

दूध, चहा आणि कॅल्शियम: इथे अंतर पुरतं

दुधात कॅल्शियम भरपूर असतं. काही औषधांचे रेणू पोटात कॅल्शियमला घट्ट धरतात आणि दोघांचं मिळून असं संयुग बनतं की जे नीट विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात शिरत नाही. लोह, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमही हेच करतात. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम ॲसिडिटीच्या पातळ औषधात असतात. गोळी पोटात गेली, पण तिचा काही भाग तसाच शौचावाटे बाहेर पडला, असा हा प्रकार आहे. हे घडायला दोन्ही पदार्थ एकाच वेळी पोटात असावे लागतात, म्हणून वेळा वेगळ्या केल्या की प्रश्न मिटतो.

अँटिबायोटिकमध्ये याचं नेहमीचं उदाहरण सिप्रोफ्लॉक्सॅसिन. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ही गोळी अनेकदा दिली जाते आणि "अँटिबायोटिकने उष्णता होते, ताक पी, दही खा" हा सल्लाही तिच्याबरोबर घरातून मिळतो. नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेतल्यास सिप्रोफ्लॉक्सॅसिन सुमारे एक तृतीयांश कमी शोषलं जातं. ताप उतरत नाही, जळजळ जात नाही, मग औषधच बदललं जातं. तिकडे कमी प्रमाणात औषध मिळालेले जंतू मात्र तग धरून राहतात.

म्हणून ताक सोडायची गरज नाही, वेळ बदलायची आहे. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या औषधांसाठी नियम असा आहे: सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतल्यावर २ तास थांबा आणि ते घेतलं असेल तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनआधी ६ तास जाऊ द्या. दूध-दह्यालाही हाच नियम लावला की हिशेब एकच राहतो. गोळी सकाळी ८ आणि रात्री ८ ला असेल तर दुग्धजन्य पदार्थांसाठी सकाळी १० ते दुपारी २ ही वेळ मोकळी सापडते. दुपारच्या जेवणातलं ताक त्यात आरामात बसतं. रात्रीचं हळदीचं दूध तेवढे पाच-सात दिवस बाजूला ठेवावं. भाजीत घातलेल्या चमचाभर दह्याची किंवा पोळीवरच्या तुपाची चिंता करू नये. तुपात कॅल्शियम जवळपास नसतंच.

डॉक्सिसायक्लिनची गोष्ट थोडी निराळी. पावसाळ्यात मुंबईसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं की लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्टर हे औषध देतात. दुधामुळे याचं शोषण साधारण एक पंचमांश घटतं, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिनपेक्षा कमी. याची मोठी अडचण वेगळीच आहे. उपाशीपोटी घेतलं की मळमळतं आणि घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. छातीच्या मधोमध, विशेषतः गिळताना दुखू लागलं तर हेच झालेलं असू शकतं. म्हणून ही गोळी जेवणानंतर, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास बसून किंवा उभे राहा. लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध मात्र हिच्यापासून दूर ठेवा, कारण त्यांनी होणारं नुकसान दुधापेक्षा बरंच जास्त असतं.

सगळ्याच अँटिबायोटिकना दूध चालत नाही असं मात्र नाही. अमॉक्सिसिलिनला दुधाची काही अडचण नाही. आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी तर दुधाबरोबर किंवा खाण्याबरोबर घेतली तर पोटाला बरीच सुसह्य होते. म्हणून घाऊक नियम न करता एकेका गोळीचं पाहावं.

थायरॉइडची गोळी: एक उदाहरण पूर्ण सोडवून

या विषयातली सगळ्यात जास्त चूक होणारी जागा म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. समजा ५६ वर्षांच्या एका बाईंना पाच औषधं आहेत: लिव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, लोहाची एक गोळी आणि कॅल्शियम कार्बोनेटची एक गोळी. त्या सकाळी ६ ला दुधाच्या चहाबरोबर थायरॉइडची गोळी घेतात, ८ ला नाश्त्याबरोबर कॅल्शियम आणि ॲम्लोडिपिन, दुपारी ४ ला चहाबरोबर लोह आणि रात्री जेवणानंतर ॲटोर्व्हास्टॅटिन. एकही गोळी त्या चुकवत नाहीत. तरीही थायरॉइडचं औषध कमी पडलं की वाढणारं रक्तातलं टीएसएच ९ च्या आसपास येतं आणि हिमोग्लोबिन हलत नाही.

बिघडलंय कुठे? लिव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी आणि नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं औषध आहे. चहा-कॉफी, दूध, सोया आणि तंतुमय पदार्थ त्याचं शोषण कमी करतात. लोह आणि कॅल्शियम तर आणखीच, म्हणून त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत ४ तासांचं अंतर लागतं. या बाईंच्या वेळापत्रकात चहा गोळीबरोबरच आहे आणि कॅल्शियम दोनच तासांवर. उरलं लोह. चहातले टॅनिन लोहाला पकडून ठेवतात, त्यामुळे ४ वाजताच्या लोहाच्या गोळीचा मोठा भाग वाया जातो.

आता त्याच पाच गोळ्या नव्याने मांडू.

सकाळी ६ वाजता लिव्होथायरॉक्सिन, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मध-लिंबू नको, मेथ्यांचं पाणी नको, इसबगोल नको. चहा ७ ला. अर्धा तास ही किमान मर्यादा आहे, पण तासभर थांबता आलं तर उत्तम.

सकाळी ८ ला नाश्ता आणि त्यानंतर ॲम्लोडिपिन. या गोळीला जेवणाचं बंधन नाही, फक्त वेळ रोज तीच असावी.

सकाळी ११ ला लोह. थायरॉइडच्या गोळीला पाच तास झालेले असतात, नाश्ता पचत आलेला असतो आणि जवळपास चहा नसतो. लिंबूपाण्याबरोबर घेतलं तर आणखी बरं, कारण क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. पोटात ढवळत असेल तर सोबत थोडं काही खावं, पण ते दूध किंवा चहा-बिस्किट नसावं.

दुपारी दीड वाजता, जेवणानंतर कॅल्शियम. कॅल्शियम कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणानंतरच. पाकिटावर कॅल्शियम सायट्रेट लिहिलं असेल तर जेवणाची अट नाही. लोह आणि कॅल्शियम यांच्यातही दोन तास हवेत, ते इथे आपोआप मिळतात.

चार-साडेचारचा चहा निवांत प्यावा, त्याच्या आगेमागे आता एकही गोळी नाही. रात्री जेवणानंतर ॲटोर्व्हास्टॅटिन.

ज्यांना सकाळचा चहा तासभर लांबवता येत नाही, त्यांना थायरॉइडची गोळी झोपताना घेण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारता येईल. त्याची अट एवढीच की रात्रीच्या जेवणानंतर किमान ३ तास गेलेले असावेत. ८ ला जेवण, ११ ला गोळी आणि मध्ये दूध नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या बाईंचा डोस चहाबरोबर गोळी घेत असतानाच ठरत आलेला असू शकतो. टीएसएच वाढलं म्हणून ५० चे ७५ झाले, ७५ चे १०० झाले, आणि एक दिवस कुणीतरी सांगितलं म्हणून चहा बाजूला केला, की तोच १०० चा डोस आता पूर्ण शोषला जाऊ लागतो. मग धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, वजन उतरणं, जुलाबासारखं होणं. साठीच्या पुढच्या माणसात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही असतो. म्हणून सवय बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा: "आतापर्यंत गोळी चहाबरोबर घेत होते, उद्यापासून रिकाम्या पोटी घेणार आहे." त्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करते, कारण हे औषध रक्तातून निम्मं व्हायला सुमारे एक आठवडा लागतो आणि नवी पातळी स्थिरावायला त्याच्या पाच-सहा पट वेळ जातो. ज्यांना वेळा पाळणं खरंच जमत नाही, त्यांनी निदान रोज एकाच पद्धतीने घ्यावं. एक दिवस चहाबरोबर आणि एक दिवस पाण्याबरोबर, असं चाललं तर डोस कधीच बसत नाही.

ग्रेपफ्रूट आणि पपनस: इथे अंतर पुरत नाही

ग्रेपफ्रूटचा परिणाम अपघातानेच सापडला. कॅनडातल्या डेव्हिड बेली यांच्या गटाला दारू आणि फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध यांचा संबंध तपासायचा होता. दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं फेलोडिपिन अपेक्षेच्या कितीतरी वर गेलं. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. त्यांचा त्यावरचा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आतड्याच्या भिंतीत सीवायपी३ए४ नावाचं एक एन्झाइम असतं. ते बऱ्याच औषधांचं रक्तात जाण्याआधीच विघटन करतं. हे एन्झाइम म्हणजे टोलनाका समजा: प्रत्येक गोळीतला ठराविक वाटा तिथे कापला जातो आणि कंपनीने गोळीचा डोस ती कपात धरूनच ठरवलेला असतो. तोंडावाटे घेतलेल्या फेलोडिपिनपैकी सरासरी १५ टक्केच रक्तापर्यंत पोहोचतं. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्यं हे एन्झाइम कायमचं निकामी करतात. नाका बंद, कपात बंद, आणि गोळी तीच असूनही रक्तात औषध दुप्पट-तिप्पट होतं. काही माणसांत त्याहूनही जास्त.

अंतर का पुरत नाही, याचं उत्तर "कायमचं निकामी" या शब्दांत आहे. मोडलेलं एन्झाइम दुरुस्त होत नाही, आतड्याच्या पेशींना ते नव्याने तयार करावं लागतं आणि त्याला एक ते तीन दिवस लागतात. सकाळी प्यायलेला पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर रस रात्रीच्या गोळीवर परिणाम करतो, दुसऱ्या दिवशीच्या गोळीवरही. म्हणजे "फळ सकाळी, गोळी रात्री" ही युक्ती इथे चालत नाही. औषध चालू आहे तोवर फळ बंद, किंवा डॉक्टरांकडून औषध बदलून घेणं, एवढेच मार्ग उरतात.

भारतात ग्रेपफ्रूट फारसं खाल्लं जात नाही म्हणून हा विषय आपला नाही असं वाटेल, पण पपनस त्याच कुळातलं आहे. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्रं यांचा संकर. पपनसातही फ्युरॅनोकुमॅरिन असतात आणि अवयवरोपणानंतर घ्यायच्या औषधांची रक्तातली पातळी पपनसामुळे वाढल्याची नोंद आहे. कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या सुमारास पपनस घरात येतं आणि एका फळाच्या पाकळ्या तिखटमीठ लावून घरभर वाटल्या जातात. वर्षातून एकदा चार पाकळ्या खाऊन बहुतेकांना काही होणार नाही. पण पुढची औषधं घेणाऱ्याने त्या चार पाकळ्याही टाळाव्यात.

पहिला गट अवयवरोपणानंतरच्या औषधांचा: सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस. इथे पातळी थोडी चढली तरी मूत्रपिंडाला इजा होते, म्हणून अजिबात सूट नाही. दुसरा कोलेस्टेरॉलच्या औषधांचा: सिम्व्हास्टॅटिनसोबत ग्रेपफ्रूट पूर्ण वर्ज्य, ॲटोर्व्हास्टॅटिनसोबत मोठ्या प्रमाणात नको. रोसुव्हास्टॅटिनवर मात्र परिणाम होत नाही, त्यामुळे फळ सोडवत नसेल तर औषध बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलता येतं. तिसरा रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा: फेलोडिपिन आणि निफेडिपिन. हृदयाचे ठोके नियमित करणारं ॲमिओडॅरोन आणि फिट्सवरचं कार्बामाझेपिन हेही या यादीत आहेत.

ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांची संख्या आपल्याकडे खूप मोठी आहे, म्हणून त्याचं वेगळं सांगायला हवं. ते मुळातच ६० ते ८० टक्के रक्तात पोहोचतं, नाक्यावर फार कापलं जात नाही. त्यामुळे नाका बंद झाला तरी त्याची पातळी थोडीच वाढते. ज्या औषधाची कपात मोठी, त्याला धोका मोठा, असं हे गणित आहे.

काहीतरी चुकलंय हे कळतं कसं? कोलेस्टेरॉलच्या गोळीबाबत: व्यायाम न करताही मांड्या-पोटऱ्या, दंड दुखणं, अशक्तपणा. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. रक्तदाबाच्या गोळीबाबत: उठताना चक्कर, चेहरा तांबडा होणं, डोकेदुखी, पाय सुजणं.

नागपुरी संत्रं आणि मोसंबी यांच्याबाबत ही भीती नाही. विलायती मार्मालेड ज्या कडू सेव्हिल संत्र्याचं करतात त्यात मात्र ही द्रव्यं असतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी मिश्र फळरसाच्या डब्यावरची घटकांची यादीही वाचावी, कारण नाव दुसऱ्या फळाचं असलं तरी आत ग्रेपफ्रूट असू शकतं.

एक अपवाद अगदी उलट्या दिशेचा आहे. ॲलर्जीवरचं फेक्सोफेनाडिन ग्रेपफ्रूटच नव्हे, तर संत्र्याच्या आणि सफरचंदाच्या रसाबरोबरही घेतलं तर कमी शोषलं जातं, कारण त्याला आतड्यातून आत नेणारी वाहक प्रथिनं हे रस अडवतात. शिंका थांबत नसतील तर दुसरी गोळी मागायच्या आधी ती पाण्याबरोबर घेऊन पाहा.

दारू: मिळून वाढणारा परिणाम

दारूच्या बाबतीत गोळीचं शोषण हा मुख्य प्रश्न नसतो. दारू स्वतःच एक औषधासारखं काम करणारं द्रव्य आहे आणि तिचा परिणाम गोळीच्या परिणामात मिसळतो.

झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या (अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम), ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, प्रेगाबालिन, कोडिन असलेलं खोकल्याचं सिरप ही सगळी मेंदूला मंद करतात. दारूही तेच करते. दोन्ही मिळाल्यावर गुंगी वाढते ती वाढतेच, पण श्वासही मंदावतो, आणि झोपलेल्या माणसाचा श्वास मंदावलेला कुणाच्या लक्षात येत नाही. "गोळी काल रात्री घेतली, आज संध्याकाळी प्यायला काय हरकत" हा हिशेब क्लोनाझेपामला लागू पडत नाही. ते शरीरातून निम्मं व्हायलाच ३० ते ४० तास लागतात. ही औषधं चालू असताना दारू पूर्ण बंद ठेवावी. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने ती अचानक न सोडता डॉक्टरांच्या मदतीने सोडावी, कारण एकदम थांबवल्याने फिट येऊ शकते.

मधुमेहात धोका वेगळ्या वाटेने येतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं. उपाशीपोटी साखर फार खाली जाऊ लागली की यकृत नवी साखर तयार करून ती सावरतं. दारू प्यायल्यावर यकृत दारू हाताळण्यात गुंततं आणि हे काम मागे पडतं. समजा रात्री साडेआठला जेवणाआधी म्हणून गोळी घेतली, मग बैठक रंगली, दोन तास फक्त चकणा झाला, जेवण राहूनच गेलं आणि माणूस झोपला. पहाटे साखर घसरते. दरदरून घाम, थरथर, बरळणं, तोल जाणं ही लक्षणं दारू चढल्यासारखीच दिसतात, म्हणून घरचे "झोपू दे" म्हणतात. इथे अंदाज करत बसू नये, ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि मग पोटभर खायला द्यावं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो, त्यामुळे एकदा सावरलेली साखर पुन्हा घसरू शकते. म्हणूनच बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचं.

मेट्रोनिडॅझोल जुलाब-आवेसाठी आणि दातांच्या संसर्गासाठी सर्रास दिलं जातं. त्यासोबत दारू घेतल्यास चेहरा लाल होणं, धडधड, जोरदार उलट्या होऊ शकतात. प्रत्येकाला तसं होतंच असं नाही, पण औषध चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर २ ते ३ दिवस दारू टाळावी असं सांगितलं जातं. टिनिडॅझोलसाठी पूर्ण ३ दिवस धरा. खोकल्याच्या काही सिरपमध्ये आणि आसव-अरिष्टांमध्येही अल्कोहोल असतं, हे यादी करताना पाहिलेलं असेलच.

पॅरासिटामॉलबाबत रोज पिणाऱ्यांनी विशेष जपावं. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. रोजच्या दारूने थकलेल्या यकृताला ती जास्त होते, त्यामुळे अशा व्यक्तीने आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही या बेरजेत धरायचं.

पालेभाज्या आणि रक्त पातळ करणारी गोळी: अंतर नको, सातत्य हवं

हृदयाची झडप बदलल्यावर अनेकांना अ‍ॅसिनोकुमॅरॉल किंवा वॉरफरिन सुरू होतं. रक्त गोठवणारे घटक तयार करायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं आणि या गोळ्या त्याच कामात अडथळा आणतात. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. त्यामुळे या भाज्या अचानक वाढल्या तर गोळी कमी पडते, अचानक बंद झाल्या तर तीच गोळी जास्त होते. सकाळी भाजी आणि रात्री गोळी असं अंतर ठेवून काही फरक पडत नाही, कारण मोजलं जातं ते आठवड्याभरात शरीरात गेलेलं एकूण जीवनसत्त्व.

"पालेभाजी बंद" असं सांगितलेले रुग्ण भेटतात, आणि तो सल्ला नुकसानच करतो. के जीवनसत्त्व जवळपास न खाणाऱ्याचं रक्त एखाद्या दिवशीच्या वाटीभर मेथीनेही हलतं. नेहमी ठराविक खाणाऱ्याचं स्थिर राहतं. म्हणून आठवड्यातून दोनदा पालेभाजी खात असाल तर दोनदाच खा. हिवाळ्यात मेथी-पालक स्वस्त झाले म्हणून रोज नको आणि श्रावणातल्या उपवासांत एकदम शून्यावरही नको.

याची तपासणी आयएनआरने होते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते हा आकडा सांगतो: आकडा जितका मोठा, तितकं रक्त पातळ. बहुतेकांसाठी २ ते ३ ही पातळी ठरवलेली असते, काही कृत्रिम झडपांसाठी ती २.५ ते ३.५ असते. आपली कोणती ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. एका वहीत तारीख, आयएनआर, गोळीचा डोस आणि त्या आठवड्यात वेगळं काय झालं, एवढं लिहीत जा: लग्नाचं जेवण, ताप, जुलाब, अँटिबायोटिक, दारू, नवा काढा. तापात चार दिवस जेवण सुटलं की आयएनआर चढतो, म्हणून आजारपणात पुढच्या तारखेची वाट न पाहता तपासणी लवकर करून घ्यावी. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येणं, न लागता काळेनिळे डाग, लघवी लाल होणं ही पातळी चढल्याची लक्षणं आहेत. शौच डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला तर मात्र लगेच रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं की रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. भाजीचं प्रमाण बदललं म्हणून गोळीचा डोस घरी बदलू नये. वही दाखवून तो डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावा.